सगळ्यांवर टिक करणाऱ्याला किती गुण?

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत एक मासळी प्रक्रिया कारखाना आहे असं धरून चालू. साठ माणसं काम करतात. कोळंबी सोलायला, प्रतवारी लावायला, पॅकिंगला बहुतेक बायका. त्यांतल्या काही कायम, बऱ्याचशा कंत्राटदारामार्फत आलेल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इथं लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं असली की अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक, आणि कलम १९ प्रमाणे ठरावीक काळानं जनजागृतीचे कार्यक्रम घेणंही मालकाचं कर्तव्य. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. गोवा विद्यापीठाशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या ढिलाईवर बोट ठेवलं, त्यानंतर अनेक कंपन्यांनी प्रशिक्षणाची कागदपत्रं नीट ठेवायला सुरुवात केली. त्या कागदपत्रांत बहुधा एक चाचणीही असते.

कायद्यात मात्र चाचणीचा उल्लेख नाही. किती गुणांना पास हेही नाही. म्हणजे चाचणी आणि तिचे नियम पूर्णपणे तुमचे, आणि कुणी विचारलं तर त्यांचं समर्थन करायची जबाबदारीही तुमचीच. हा लेख त्या चाचणीतल्या एकाच प्रकारच्या प्रश्नाबद्दल आहे: ‘लागू पडतील ते सर्व पर्याय निवडा’.

या कायद्याला हा प्रकार शोभतो, कारण कायद्यात जागोजागी याद्या आहेत. छळाचे पाच प्रकार, समितीची रचना, कामाचं ठिकाण म्हणजे काय, कर्मचारी म्हणजे कोण. चारांतून एकच उत्तर निवडायला लावलं, तर तीन पर्याय इतके बावळट लिहावे लागतात की न शिकलेला माणूसही अंदाजानं बरोबर येतो. यादीवरचा प्रश्न प्रत्येक पर्यायावर वेगळा विचार करायला लावतो. पण मग उत्तर अर्धं बरोबर येऊ शकतं, आणि त्या अर्ध्याचे गुण किती हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी हे ठरतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये जे आपोआप असेल ते चालून जातं.

एक प्रश्न प्रत्यक्ष लिहून बघू.

‘मिरजोळे एमआयडीसीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात साठ कामगार आहेत. २०१३ च्या कायद्यानुसार खालीलपैकी कोण या कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकतं? वेगळं सांगितलं नसेल तिथं त्रास देणारा याच कारखान्याचा कर्मचारी आहे आणि घटना मागच्या महिन्यातली आहे असं समजा. लागू पडतील ते सर्व पर्याय निवडा.’

पर्याय असे. अ: कंत्राटदारामार्फत कोळंबी सोलायला येणारी रोजंदारी कामगार. आ: शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बिनपगारी प्रशिक्षणासाठी आलेली विद्यार्थिनी. इ: पाळी संपल्यावर कंपनीच्याच गाडीतून घरी जाताना जिला त्रास झाला ती पॅकिंग कामगार. ई: पाण्याचे नमुने घ्यायला आलेली बाहेरच्या प्रयोगशाळेची कर्मचारी. उ: जिला खुद्द कारखान्याच्या मालकानं त्रास दिला ती कायम कामगार. ऊ: दुसऱ्या पुरुष कामगारानं ज्याला त्रास दिला तो पुरुष कामगार.

पहिले चार बरोबर. कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत रोजंदारी, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी सगळे येतात, पगार मिळो न मिळो. मालकानं पुरवलेलं वाहन हे कामाचंच ठिकाण. आणि तक्रारदार बाई त्या कारखान्यात नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. उ चूक, कारण मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या काजूच्या किंवा आंबा कॅनिंगच्या छोट्या युनिटमधली तक्रारही तिकडेच. ऊ चूक, कारण हा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे. त्या पुरुषाला कंपनीच्या धोरणात किंवा दुसऱ्या कायद्यात वाट असू शकते, पण प्रश्न त्याबद्दल नाही.

आता पाच जणांची उत्तरं घेऊ. पहिलीनं अ, आ, इ निवडले, ई राहिला. दुसऱ्यानं सहाच्या सहा पर्यायांवर टिक केली. तिसरीनं चारही बरोबर पर्याय घेतले, पण सोबत उ सुद्धा. चौथ्यानं एकाही चौकटीला हात लावला नाही. पाचवीनं फक्त अ निवडला.

सगळं बरोबर तरच गुण, नाहीतर शून्य, असा नियम ठेवला तर पाचही जण शून्यावर. एकच पर्याय राहिलेली पहिली आणि काहीच न वाचलेला चौथा एकाच रांगेत येतात. हा नियम सोपा आहे, आणि सुरक्षा उपकरणांच्या तपासणी यादीसारख्या विषयात, जिथं एक गोष्ट राहिली की सगळंच फुकट, तिथं तो योग्यही आहे. इथं मात्र तो माहितीच नष्ट करतो. निकाल बघून पुढचं प्रशिक्षण कशावर घ्यायचं ते कळत नाही.

दुसरा नियम, बरोबर टिकेला गुण आणि चुकीच्या टिकेला काहीच नाही. हा नियम पुष्कळ ठिकाणी नकळत लागू असतो, आणि तो सगळ्यात वाईट. चार बरोबर पर्यायांना प्रत्येकी २५ टक्के दिले आणि चुकीच्यांना शून्य, तर सहाही चौकटींवर टिक करणारा दुसरा पूर्ण १०० टक्के घेऊन जातो. जेवणाच्या सुट्टीत ही बातमी पसरायला दहा मिनिटं पुरतात.

तिसरा नियम, प्रत्येक पर्यायावरच्या निर्णयाला गुण: बरोबर पर्यायावर टिक केली तरी एक, चुकीचा सोडला तरी एक. वाजवी वाटतो. पण सहांपैकी पहिलीला ५, तिसरीला ५, पाचवीला ३ मिळतात. आणि सगळ्यांवर टिक करणाऱ्या दुसऱ्याला ४, म्हणजे ६७ टक्के. काहीच न करणाऱ्या चौथ्यालासुद्धा २, म्हणजे ३३ टक्के. नाणं उडवून टिका करणाऱ्याला सरासरी ५० टक्के. पास होण्याची रेषा ६० वर असेल तर न वाचता पास होण्याचा रस्ता उघडाच आहे.

म्हणून माझं मत असं की नियम ठरवताना सुरुवात ‘सगळ्यांवर टिक करणाऱ्याला किती मिळतात?’ या प्रश्नानं करावी, आणि त्याचं उत्तर शून्य येईल तोच नियम घ्यावा. हिशेब सरळ आहे. बरोबर पर्यायांमध्ये मिळून १०० टक्के वाटायचे, आणि चुकीच्या पर्यायांमध्ये मिळून वजा १०० टक्के. आपल्या प्रश्नात बरोबर पर्याय चार, तर प्रत्येकाला २५. चुकीचे दोन, तर प्रत्येकाला वजा ५०. प्रश्नाचे गुण शून्याखाली जाऊ द्यायचे नाहीत. मग पहिलीला ७५, तिसरीला ५०, पाचवीला २५, आणि दुसरा व चौथा दोघंही शून्यावर. नाणं उडवणारा सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास राहतो, तेही केवळ शून्याच्या तळामुळे.

प्रश्न चार गुणांचा ठेवला तर हेच कामगारांना एका वाक्यात सांगता येतं: बरोबर टिकेला १ गुण, चुकीच्या टिकेला वजा २, प्रश्नाला शून्यापेक्षा कमी नाही. चुकीला दुप्पट वजाबाकी कडक वाटेल. ती कुणाला शिक्षा म्हणून नाही, चुकीचे पर्याय बरोबर पर्यायांच्या निम्मे आहेत म्हणून आहे. दोन बरोबर आणि चार चुकीचे असा प्रश्न असेल तर बरोबरला २ आणि चुकीला वजा १ होईल. प्रश्नागणिक आकडे बदलतात, म्हणून ते प्रत्येक प्रश्नाखाली छापावे. सुरुवातीच्या सूचनांत एकदा सांगून भागत नाही. पर्यायांची संख्या निवडताना भागाकार आधी बघा. चार बरोबर आणि तीन चुकीचे घेतले तर वजाबाकी १.३३ येते, आणि ते वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. तीन बरोबर, तीन चुकीचे, प्रश्न तीन गुणांचा, हेही सुटसुटीत.

जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधल्या अशा प्रश्नांची पद्धत अनेकांना माहीत असते: सगळं बरोबर असेल तर ४, काही बरोबर निवडून बाकीचे सोडले तर ३, २ किंवा १, आणि एक जरी चुकीचा निवडला तरी वजा २. ती पद्धत कारखान्यात आणू नका. तिथं लाखोंमधून काही हजार वेगळे काढायचे असतात आणि वजा गुण एकूण बेरजेतून कापले जातात. इथं कोळंबी सोलणाऱ्या बाईनं एका प्रश्नात चूक केली म्हणून तिनं दुसऱ्या प्रश्नात कमावलेले गुण काढून घेण्यात काहीच साधत नाही.

चाचणी मूडलवर घेत असाल तर प्रश्नाच्या प्रकारात `Multiple answers allowed` निवडावं लागतं, आणि प्रत्येक पर्यायासमोरच्या `Grade` मध्ये टक्के भरावे लागतात. मूडल या प्रकारात प्रश्नाचे गुण स्वतःहून शून्याखाली जाऊ देत नाही, त्यामुळे तळाची वेगळी सोय करावी लागत नाही. प्रश्न बरेच असतील तर ते साध्या मजकुराच्या फाईलमध्ये जीआयएफटी पद्धतीनं लिहून एकदम आयात करणं सोयीचं. पर्यायांची वाक्यं इथं जागेसाठी आखडली आहेत:

```
::समिती-१::कोण तक्रार करू शकतं? {
~%25%कंत्राटी रोजंदारी कामगार
~%25%बिनपगारी प्रशिक्षणार्थी
~%25%कंपनीच्या गाडीत त्रास झालेली कामगार
~%25%बाहेरच्या प्रयोगशाळेची कर्मचारी
~%-50%मालकानं त्रास दिलेली कामगार#ही तक्रार स्थानिक समितीकडे जाते.
~%-50%पुरुष कामगार#हा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे.
}
```

फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आयात झाल्यावर `Default mark` मध्ये `4` भरा, कारण तिथं आपोआप एकच गुण असतो. मूडल प्रश्नाखाली स्वतःची ठरावीक सूचनाही दाखवू शकतं. ती `Show standard instructions` मधून बंद करून आपली मराठी सूचना आणि गुणांचा नियम प्रश्नातच लिहिलेला बरा. नंतर स्वतः परीक्षार्थी होऊन त्या पाच जणांसारखी पाच उत्तरं देऊन बघा. ७५, ०, ५०, ०, २५ टक्के आले तरच पुढं जा. या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि टक्के भरताना झालेली चूक इथंच सापडते.

‘किती पर्याय बरोबर आहेत ते सांगावं का?’ हा प्रश्न दर वेळी निघतो. मी सांगत नाही. ‘चार निवडा’ म्हटलं की माणूस पर्यायांची आपापसात तुलना करतो, आणि एक बरोबर राहिला की त्याच्या जागी एक चुकीचा आपोआप येतो. एकाच चुकीची दोनदा किंमत मोजावी लागते. आपल्या नियमात ते थेट ३ गुणांचं नुकसान आहे. त्याऐवजी ‘एक किंवा अधिक पर्याय बरोबर असू शकतात’ एवढंच पुरे. ‘वरील सर्व’ हा पर्याय अशा प्रश्नात कधीही नको. त्यावर आणि इतरांवर दोन्हीकडे टिक करणाऱ्याचे गुण कसे मोजायचे याला वाजवी उत्तरच नाही.

अंशतः गुणांचा नियम कितीही चांगला असला तरी वादग्रस्त पर्याय त्याला पाडतो. समजा ऊ च्या जागी ‘चार महिन्यांपूर्वीच्या घटनेची तक्रार करणारी कामगार’ असा पर्याय लिहिला. तक्रारीची मुदत तीन महिने म्हणून तो चूक, असं वाटेल. पण त्या मुदतीत तक्रार करता येणार नाही अशी परिस्थिती होती हे समितीला पटलं, तर ती कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे पर्याय परिस्थितीप्रमाणे बरोबर किंवा चूक. ज्यानं कायदा नीट वाचला आहे तोच टिक करेल, आणि त्याचेच दोन गुण जातील. चाचणी घेतल्यावर हा दोष ओळखण्याची खूण अशी: एकूण जास्त गुण मिळवणारे ज्या ‘चुकीच्या’ पर्यायावर टिक करतात आणि कमी गुणवाले करत नाहीत, तो पर्याय तपासा. पंचवीस-तीस जणांची उत्तरं असली तरी हा उलटा कल डोळ्यांना दिसतो. याच्या उलट, बरेच जण फक्त एकाच पर्यायावर थांबलेले दिसले तर पर्यायांत दोष नसेल. त्यांना एकाहून अधिक निवडायचे आहेत हेच कळलेलं नाही. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर शेवटचे दोन पर्याय खाली राहून जातात, हेही एक कारण असतं.

प्रश्नाच्या मजकुरातली ‘मागच्या महिन्यातली घटना’, ‘याच कारखान्याचा कर्मचारी’, ‘२०१३ च्या कायद्यानुसार’ ही जडशी वाक्यं याचसाठी आहेत. त्यांतलं प्रत्येक वाक्य एकेका पर्यायाची पळवाट बंद करतं. शेवटचं काढून टाका, आणि ज्या कंपनीचं धोरण पुरुषांच्याही तक्रारी घेतं तिथं ऊ लगेच बरोबर ठरेल.

उ या पर्यायाबद्दल एक काळजी. मालकानं त्रास दिलेल्या बाईसमोर टिक केली आणि ‘चूक’ असा लाल शिक्का आला, तर तिला तक्रारच करता येत नाही असा अर्थ कुणी काढेल. म्हणून त्या पर्यायाचा खुलासा गुणांच्या आधी दिसला पाहिजे, आणि त्यात स्थानिक समितीचा उल्लेख हवाच.

काही चुका अशा असतात की बाकी सगळं बरोबर असूनही चालत नाहीत. समितीच्या सदस्यांच्या चाचणीत ‘तक्रार आल्यावर सदस्यानं काय करायचं?’ असा प्रश्न असेल आणि एक पर्याय ‘पाळीच्या मुकादमाला तक्रारदाराचं नाव सांगून चौकशी करायची’ असा असेल, तर तो निवडणाऱ्याला उरलेल्या तीन बरोबर टिकांचे गुण देणं योग्य नाही; नाव उघड करण्यावर कायद्यानं बंदी आहे. अशा पर्यायाला वजा १०० टक्के द्या. तो निवडला की प्रश्न शून्यावर येतो. पण हे एखाद-दुसऱ्या पर्यायापुरतंच, आणि सूचनेत स्पष्ट लिहून: ‘यांतला एक पर्याय निवडल्यास या प्रश्नाचे सर्व गुण जातील.’ कोणता ते सांगायचं नाही. दर प्रश्नात असा सापळा ठेवलात तर तुमचा नियम परत ‘सगळं किंवा काहीच नाही’ वर येऊन बसतो.

सोलणीच्या हॉलमध्ये ज्यांना लिखाण वाचायला जड जातं त्यांच्यासाठी प्रश्न तोंडी घ्यावा लागेल, आणि इथं नियम बदलावा लागतो. पर्याय एकेक करून वाचला आणि ‘करू शकते की नाही?’ विचारलं, की प्रत्येक पर्यायावर उत्तर येतंच; सोडून देणं असा प्रकार उरत नाही. अशा होय-नाहीच्या संचासाठी स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय परीक्षांतली एक रीत उपयोगी पडते. तिथं चार विधानं असतात. चारही बरोबर तर पूर्ण गुण, तीन बरोबर तर अर्धे, त्याखाली शून्य. नुसत्या अंदाजानं निम्मी बरोबर येणारच हे तिथं गृहीत धरलेलं असतं. म्हणून तोंडी चाचणीसाठी आपल्या सहांतले चारच पर्याय घ्या, समजा अ, इ, उ, ऊ. चारही बरोबर असतील तर ४ गुण, तीन असतील तर २. लेखी आणि तोंडी गटांचे गुण शेजारी मांडून तुलना करू नका. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

पास होण्याची रेषा नियम ठरल्यावरच ओढा. वरच्यासारखेच चार गुणांचे दहा प्रश्न, म्हणजे एकूण ४०. प्रत्येक प्रश्नात एक बरोबर पर्याय राहून गेलेल्या कामगाराला ३० मिळतील, आणि प्रत्येक प्रश्नात एक चुकीची टिक करणाऱ्याला २०. यातला पहिला माणूस तुम्हाला पुरेसा शिकलेला वाटतो का, एवढाच खरा निर्णय आहे. वाटत असेल तर रेषा ७५ टक्क्यांवर ठेवा, नसेल तर ८० वर. ‘सगळे ८० ठेवतात’ हे कारण नव्हे. अंशतः गुण नसलेल्या चाचणीतले ८० आणि इथले ८० हे एक नव्हेत.

एखादा पर्याय सदोष निघालाच तर काय करायचं, हेही चाचणीच्या आधी लिहून ठेवा, म्हणजे नंतर कुणाच्या सोयीनं नियम बदलल्याचा आरोप होत नाही. माझी पद्धत अशी: अख्खा प्रश्न रद्द करायचा नाही, फक्त तो पर्याय बिनगुणी करायचा, टक्के पुन्हा वाटायचे आणि सगळ्यांच्या उत्तरांना परत गुण द्यायचे. ऊ काढला तर उ एकटा उरतो आणि त्याची वजाबाकी १०० होते. ती फार, म्हणून अशा वेळी ती ५० वरच ठेवायची. सगळ्यांवर टिक करणाऱ्याला तेवढ्यापुरते अर्धे गुण मिळतील, ते सोसायचे. बरोबरपैकी एक काढावा लागला तर उरलेल्या तिघांना `33.33333%`, मूडलमध्ये हा आकडा यादीत आहे. परत गुण देताना कुणी पासाचं नापास होत असेल, तर त्याचा जुना निकाल कायम. बदललेला पर्याय, तारीख, कारण आणि निर्णय कुणी घेतला, हे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत त्याच दिवशी चढवा, आणि पुढच्या हंगामात नव्या कंत्राटी बायका येण्याआधी तो पर्याय नव्यानं लिहून प्रश्नसंचात बदलून टाका.